३३ मते घेणारा हरला, २७ मते घेणारा जिंकला: राज्यसभेची मतमोजणी कागद-पेन घेऊन समजून घेऊ

१० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले. उमेदवार सात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे निकाल लागला तेव्हा पहिल्या पसंतीची मते अशी होती: पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७. सर्वांत कमी मते महाडिकांना होती, पण निवडून आले महाडिक आणि पडले पवार.

तेव्हा अनेकांना यात काहीतरी गडबड वाटली. प्रत्यक्षात ही मोजणी नियमाप्रमाणे चोख झाली होती. राज्यसभेची आणि आमदारांकडून होणारी विधान परिषदेची निवडणूक एकल संक्रमणीय मत पद्धतीने होते, आणि या पद्धतीत पहिल्या पसंतीचा आकडा ही फक्त मोजणीची सुरुवात असते. पुढच्या फेऱ्या कशा होतात हे एकदा हाताने करून पाहिले की पुन्हा कधी गोंधळ होत नाही. आपण हीच निवडणूक घेऊन टप्प्याटप्प्याने जाऊ. त्यात उमेदवार वगळण्याची वेळ आली नव्हती, म्हणून तेवढ्या भागासाठी नंतर एक छोटी काल्पनिक मोजणी करू.

पहिला टप्पा: मतपत्रिका

जागा सहा असल्या तरी प्रत्येक आमदाराला मत एकच असते. मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे तो १, २, ३ असे आकडे टाकतो. १ म्हणजे माझे मत याला द्या. २ म्हणजे पहिल्याला माझ्या मताची गरज उरली नाही, किंवा त्याला ते देऊन उपयोग नसला, तर दुसऱ्याकडे पाठवा. मत एकच, पण ते हस्तांतरित होऊ शकते, हा या पद्धतीचा सगळा गाभा आहे.

१ हा आकडा लिहिणे सक्तीचे आहे, बाकीचे पसंतीक्रम ऐच्छिक. १ लिहिलाच नाही, दोन नावांपुढे लिहिला किंवा आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, तर मत बाद होते. आकडा अक्षरात लिहिलेलाही चालत नाही, आणि पेनही निवडणूक अधिकाऱ्याने दिलेलाच वापरावा लागतो. २ हा आकडा दोघांपुढे पडला तर मात्र मत बाद होत नाही. ते पहिल्या पसंतीपुरते चालते आणि पुढे पाठवायची वेळ आली की तिथेच थांबते. अशा थांबलेल्या मतपत्रिकेला ‘संपलेली’ म्हणतात. फक्त १ लिहून सोडून दिलेली मतपत्रिकाही पुढे पाठवायच्या वेळी संपलेलीच धरतात.

त्या दिवशी २८५ आमदारांनी मतदान केले. एका आमदाराने मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवर हरकत आली आणि निवडणूक आयोगाने ते मत बाद ठरवले. राज्यसभेला पक्षाच्या आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवायची असते, इतर कोणाला दाखवायची नसते. विधान परिषदेला मतदान गुप्त असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. वैध मते राहिली २८४.

दुसरा टप्पा: कोटा

आपल्या नियमांत एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. पुढे मताचे तुकडे करावे लागतात आणि अपूर्णांकांत मोजत बसण्यापेक्षा हे सोपे पडते. म्हणून २८४ मतपत्रिकांचे एकूण मूल्य झाले २८,४००.

कोटा म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारे मूल्य. तो असा काढतात: एकूण मूल्याला ‘जागा अधिक एक’ने भागायचे, बाकी सोडून द्यायची आणि आलेल्या भागाकारात १ मिळवायचा. जागा सहा, म्हणून सातने भागायचे. २८,४०० भागिले ७ म्हणजे ४,०५७ आणि बाकी १. त्यात १ मिळवून कोटा झाला ४,०५८. बातम्यांत ‘४०.५८ मतांचा कोटा’ असे येते ते हेच.

जागा सहा असताना सातने का भागायचे, हा प्रश्न नव्या माणसाला नेहमी पडतो. उत्तर गणितातच आहे. सात जणांनी प्रत्येकी ४,०५८ मिळवायचे म्हटले तर २८,४०६ लागतील, आणि आपल्याकडे आहेत २८,४००. म्हणजे सातव्याला कोटा गाठणे अशक्य आहे. कोटा ४,०५७ ठेवला असता तर सात जणांना मिळून २८,३९९ पुरले असते आणि सहा जागांसाठी सात विजयी होण्याची शक्यता उरली असती. सहापेक्षा जास्त लोक गाठू शकणार नाहीत असा सर्वांत लहान आकडा म्हणजे कोटा. सहाने भागले असते तर प्रत्येकाला विनाकारण जास्त मते अडवून धरावी लागली असती.

कोटा वैध मतांवर ठरतो, सभागृहाच्या सदस्यसंख्येवर नाही. म्हणून एखादे मत बाद झाले किंवा कोणी गैरहजर राहिले की कोटा खाली येतो. मतदानाआधी कागदावर मांडलेली गणिते इथेच फसतात.

तिसरा टप्पा: पहिली फेरी

आता पहिल्या पसंतीच्या मतांना १०० ने गुणून कोट्याशी ताडून पाहायचे. गोयल ४,८००, बोंडे ४,८००, प्रतापगढी ४,४००, पटेल ४,३००, राऊत ४,१००. हे पाचही जण ४,०५८ च्या वर आहेत, म्हणून पाचही जण पहिल्याच फेरीत निवडून आले. पवार ३,३०० वर आणि महाडिक २,७०० वर राहिले. एक जागा शिल्लक.

साध्या बहुमताच्या निवडणुकीत इथे पवार जिंकले असते. पण या पद्धतीत आधी विचारतात, निवडून आलेल्यांकडे गरजेपेक्षा जास्त मते पडून आहेत का?

चौथा टप्पा: अतिरिक्त मतांचे वाटप

गोयल यांना ४,०५८ पुरेसे होते आणि मिळाले ४,८००. म्हणजे ७४२ अतिरिक्त. बोंडे यांचेही ७४२. प्रतापगढींचे ३४२, पटेलांचे २४२, राऊतांचे ४२.

ज्याच्याकडे सर्वांत जास्त अतिरिक्त मूल्य आहे त्याचे वाटप आधी. दोघांचे सारखे असेल तर ज्याची मूळ मते जास्त त्याचे आधी, आणि तीही सारखी असतील तर चिठ्ठी काढून ठरवतात. गोयल आणि बोंडे यांच्या बाबतीत दोन्ही आकडे सारखेच होते.

वाटप कसे करतात ते नीट पाहू, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. गोयल यांच्या ४८ मतपत्रिकांपैकी ‘जास्तीच्या सात-साडेसात’ वेगळ्या काढून देत नाहीत. तसे केले तर कोणत्या सात उचलायच्या यावर निकाल ठरेल. आयर्लंडमध्ये लोकप्रतिनिधी सभागृहाच्या निवडणुकीत प्रत्यक्ष मतपत्रिकाच वेगळ्या काढून पुढे देतात, आणि तिथे ही त्रुटी नेहमी चर्चेत असते. आपल्याकडे सगळ्या ४८ मतपत्रिका पुन्हा उघडतात, पुढची पसंती पाहून गठ्ठे करतात आणि प्रत्येक मतपत्रिका कमी किमतीत पुढे पाठवतात. मला ही पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण गोयल यांना मत देणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे त्यात थोडे थोडे पुढे जाते.

ही किंमत अशी काढतात: अतिरिक्त मूल्याला, पुढची पसंती शिल्लक असलेल्या मतपत्रिकांच्या संख्येने भागायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. एका मतपत्रिकेची किंमत तिच्या मूळ किमतीपेक्षा जास्त कधीच होऊ द्यायची नाही.

समजा, ४८ च्या ४८ मतपत्रिकांवर पुढची उपयोगी पसंती महाडिकांना होती. ७४२ भागिले ४८ म्हणजे १५ आणि वर काही अपूर्णांक. तो सोडला, म्हणून प्रत्येक मतपत्रिका १५ किमतीने पुढे जाईल. १५ गुणिले ४८ म्हणजे ७२०. उरलेले २२ अपूर्णांक सोडल्यामुळे वाया जातात, आणि निकालपत्रकात त्यांची वेगळी नोंद होते. कोणी २ हा आकडा बोंडे यांच्यापुढे टाकला असेल तरी बिघडत नाही. बोंडे आधीच निवडून आले आहेत, म्हणून त्यांना ओलांडून ३ कोणाला आहे ते पाहतात.

महाडिक २,७०० अधिक ७२० म्हणजे ३,४२० झाले. बोंडे यांच्या मतपत्रिकांवरही असेच धरले तर आणखी ७२०. बेरीज ४,१४०. कोटा ओलांडला. काही मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नसेल तर भाजक बदलून हा आकडा थोडा इकडे तिकडे होईल, पण चित्र तेच राहते. सहावी जागा भरली आणि मोजणी संपली.

प्रतापगढी, पटेल आणि राऊत यांच्या अतिरिक्त मतांचे काय? ती वाटायची वेळच आली नाही. आधी वाटली असती तर पवार जिंकले असते का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ३४२, २४२ आणि ४२ यांची बेरीज ६२६. एकूण एक मूल्य पवारांना मिळाले असते तरी ३,९२६ झाले असते. अपूर्णांक सोडले तर तेही ३,८६४ वर येते. कोटा ४,०५८. म्हणजे वाटपाच्या क्रमाने कोणावरही अन्याय झाला नाही.

खरा हिशोब वेगळाच होता. गोयल, बोंडे आणि महाडिक या भाजपच्या तिघांची पहिल्या पसंतीची बेरीज १२३, आणि तीन कोट्यांना लागतात १२१.७४. महाविकास आघाडीच्या चौघांची बेरीज १६१, आणि चार कोट्यांना लागतात १६२.३२. २७ विरुद्ध ३३ ही तुलना दिशाभूल करते. १२३ आणि १६१ हे आकडे पाहिले की निकाल आधीच दिसतो. बाद झालेले मत आघाडीच्या बाजूने धरले तरी निकाल बदलत नाही. २८५ मतांवर कोटा ४,०७२ होतो, चार कोट्यांना १६,२८८ लागतात, आणि आघाडीकडे १६,२००. त्यावर आणखी एक आमदार इकडून तिकडे गेला असता तर मात्र १६३ विरुद्ध १२२ झाले असते आणि सहावी जागा फिरू शकली असती.

पक्षाने आपल्या आमदारांची विभागणी ४८-४८-२७ अशी करावी की ४१-४१-४१, याने म्हणूनच फारसा फरक पडत नाही. जास्तीची मते पसंतीक्रमाने वाहत पुढे येतात. अट एकच: आमदारांनी २ आणि ३ हे आकडे ठरल्याप्रमाणे लिहायला हवेत.

पाचवा टप्पा: उमेदवार वगळणे

अतिरिक्त मते वाटून संपली आणि तरीही जागा शिल्लक असेल, तर सर्वांत कमी मूल्य असलेल्या उमेदवाराला वगळून त्याची मते पुढे पाठवतात. यासाठी एक छोटी काल्पनिक निवडणूक घेऊ. मतदार ४०, जागा तीन, उमेदवार पाच: क, ख, ग, घ आणि च. कागदावर माझ्याबरोबर आकडे लिहीत चला, नुसते वाचून हे पक्के होत नाही.

एकूण मूल्य ४,०००. चारने भागून १,०००, अधिक १, म्हणून कोटा १,००१.

पहिली फेरी: क १४, ख ९, ग ८, घ ६, च ३. मूल्यांत क १,४००, ख ९००, ग ८००, घ ६००, च ३००. क निवडून आला, त्याचे अतिरिक्त मूल्य ३९९.

क च्या १४ मतपत्रिका उघडल्या. पुढची पसंती ख ला २, ग ला ४, घ ला ६, आणि २ मतपत्रिकांवर पुढे काहीच नाही. त्या दोन संपलेल्या मतपत्रिका क च्याच नावावर राहतात. उरल्या १२. ३९९ भागिले १२ म्हणजे ३३ आणि अपूर्णांक. प्रत्येकीची किंमत ३३.

ख ला ६६ मिळाले, तो ९६६ वर. ग ला १३२, तो ९३२ वर. घ ला १९८, तो ७९८ वर. च ३०० वरच. वाटले ३९६, वाया गेले ३. कोणीच १,००१ गाठला नाही आणि वाटायला अतिरिक्त काही उरले नाही.

आता सर्वांत खाली असलेल्या च ला वगळायचे. इथला फरक महत्त्वाचा आहे: वगळलेल्या उमेदवाराच्या पहिल्या पसंतीच्या मतपत्रिका पूर्ण १०० किमतीने पुढे जातात. त्यांनी अजून कोणालाही निवडून आणलेले नाही, मग त्यांची किंमत का कमी करायची? च कडे दुसऱ्या कोणाकडून आलेल्या ३३ च्या मतपत्रिका असत्या, तर त्या ३३ नेच पुढे गेल्या असत्या.

च च्या तीन मतपत्रिकांपैकी एक ग ला, दोन घ ला. ग झाला १,०३२, म्हणजे निवडून आला. घ झाला ९९८. ख ९६६ वर. आता एक जागा, दोन उमेदवार, आणि ग चे ३१ अतिरिक्त मूल्य वाटायचे बाकी.

घ कोट्याला तीनने कमी पडतो. पण नियम असा आहे की एकच जागा उरली असेल आणि एखाद्या उमेदवाराचे मूल्य, उरलेल्या बाकी सर्वांचे मूल्य आणि न वाटलेले अतिरिक्त मूल्य यांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर तो तिथेच निवडून आला. ख चे ९६६ आणि शिल्लक ३१ मिळून ९९७. घ कडे ९९८. घ विजयी.

पहिल्या फेरीत ख दुसऱ्या क्रमांकावर होता आणि घ चौथ्या. तरी घ आला, कारण क आणि च यांच्या मतदारांनी पुढची पसंती जास्त करून त्याला दिली होती. आणि तो कोटा न गाठता आला. शेवटच्या जागेवर हे अनेकदा घडते, कारण संपलेल्या मतपत्रिका आणि सोडलेले अपूर्णांक यांमुळे फिरत राहिलेले मूल्य हळूहळू आटत जाते. कोटा मात्र मोजणीच्या मध्यात पुन्हा काढत नाहीत.

वरच्या मोजणीत ग चे ३१ वाटायची वेळ आली असती, तर त्याच्या सगळ्या मतपत्रिका उघडल्या नसत्या. हस्तांतरित मतांमुळे कोटा ओलांडला असेल, तर ज्या शेवटच्या गठ्ठ्यामुळे तो ओलांडला तेवढाच गठ्ठा पाहतात. इथे तो गठ्ठा म्हणजे च कडून आलेली एकच मतपत्रिका, आणि ती १०० ऐवजी ३१ किमतीने पुढे गेली असती.

निकालपत्रक तपासताना

कोणत्याही फेरीनंतर सगळ्या उमेदवारांचे मूल्य, कोणाच्याच नावावर न राहिलेल्या संपलेल्या मतपत्रिकांचे मूल्य आणि अपूर्णांकांमुळे वाया गेलेले मूल्य यांची बेरीज सुरुवातीच्या एकूण मूल्याइतकीच आली पाहिजे. आपल्या छोट्या मोजणीत शेवटी क १,००१, ग १,०३२, घ ९९८, ख ९६६ आणि वाया गेलेले ३. बेरीज बरोबर ४,०००. संपलेल्या दोन मतपत्रिका क च्या १,००१ मध्येच धरलेल्या आहेत, म्हणून त्या वेगळ्या मिळवायच्या नाहीत. बेरीज जास्त आली तर अतिरिक्त मूल्य वाटल्यावर विजेत्याचे मूल्य कोट्यावर आणायचे राहून गेले आहे का ते आधी बघा. बेरीज कमी आली तर अपूर्णांकांचे नुकसान लिहायचे राहिले का, किंवा एखादा गठ्ठा वर्ग करताना सुटला का, ते फेरी फेरीने मागे जात शोधा.